सगळं ऐकू आलं, तरी उत्तर चुकलं: जपानी एन४ परीक्षेतल्या एका सूचनेचा अभ्यास

आधी प्रसंग वाचून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. ऑफिसात एक पुरुष आणि एक स्त्री बोलताहेत. संवाद सुरू होण्यापूर्वीच निवेदक प्रश्न सांगतो: ‘ओन्ना नो हितो वा, कोनो आतो माझु नानि ओ शिमास का.’ म्हणजे ‘यानंतर ही बाई सगळ्यात आधी काय करेल?’ (‘माझु’मधला झ ‘झरा’तला.) मग संवाद येतो:

पुरुष: सुमिमासेन, गोगो नो काइगि नो ज्युम्बि, ओनेगाइ शिमास.
स्त्री: हाय. पुरिन्तो वा मोऽ कोपीऽ शिमाशिता. त्सुकुए ओ नाराबेमाशोऽ का.
पुरुष: आ, सोरे वा वाताशि गा यारिमास. काइगिशित्सु नो एआकोन ओ त्सुकेते ओइते कुदासाइ. आ, देमो, सोनो माए नि, उकेत्सुके नि देन्वा शिते, कागि गा आरु का किइते कुदासाइ.
स्त्री: हाय, वाकारिमाशिता.

मराठीत: ‘दुपारच्या मीटिंगची तयारी कराल का?’ ‘हो. कागदांच्या प्रती काढून झाल्यात. टेबलं लावू का?’ ‘नको, ते मी करतो. मीटिंगच्या खोलीतला एसी लावून ठेवा. हां, पण त्याआधी रिसेप्शनला फोन करून किल्ली आहे का विचारा.’ ‘बरं, कळलं.’

कागदावर चार पर्याय आहेत. एक, प्रती काढणे. दोन, टेबलं लावणे. तीन, एसी लावणे. चार, रिसेप्शनला फोन करणे. उत्तर चौथं.

हा प्रश्न मी वर्गासाठी स्वतः तयार केला आहे, पण त्याचा सांगाडा परीक्षेतला आहे. ज्याच्यावरून हा अभ्यास लिहिते आहे, तो आमच्या कोल्हापुरातल्या वर्गातला मुलगा. डिप्लोमा मेकॅनिकल, शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये शिफ्टला असतो आणि संध्याकाळी जपानी शिकायला येतो. जपानमध्ये ‘तोकुतेइ गिनोऽ’ या विशेष कौशल्याच्या व्हिसावर काम करायचं आहे. त्यासाठी जपानी भाषेचा पुरावा लागतो आणि तो देण्याचा एक रस्ता म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी. शब्दसंग्रह चांगला, कांजी म्हणजे चित्राक्षरं चांगली, व्याकरणात चुका कमी. त्याने उत्तर लिहिलं तीन, म्हणजे एसी. आणि टेप थांबल्यावर म्हणाला, ‘मॅडम, सगळं कळलं की ओ मला. मग चुकलं कसं?’

त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याला संवाद मराठीत सांगायला लावला. त्याने एकही शब्द न गाळता सांगितला, ‘सोनो माए नि’ म्हणजे ‘त्याआधी’ हेही सांगितलं. म्हणजे कान ठीक, शब्द ठीक, वाक्यही ठीक. तरी उत्तर चुकलं. अशा वेळी ‘अजून ऐक, अजून सराव कर’ एवढंच सांगितलं तर त्याला काही मिळत नाही. त्याची अडचण ऐकण्याच्या एका ठरावीक टप्प्यावर होती आणि तो टप्पा शोधावा लागला.

त्याआधी परीक्षेची चौकट थोडक्यात. जेएलपीटी १९८४ साली सुरू झाली आणि २०१० साली तिचं स्वरूप बदलून एन१ ते एन५ अशा पाच पातळ्या झाल्या. एन४ मध्ये श्रवणाला ३५ मिनिटं आणि १८० पैकी ६० गुण. पास व्हायला एकूण ९० लागतात, पण श्रवणात किमान १९ मिळाले नाहीत तर बाकी कितीही गुण असले तरी नापास. म्हणून वाचनात हुशार असलेला मुलगा फक्त या अर्ध्या तासात अडकू शकतो. प्रत्येक संवाद एकदाच वाजतो. श्रवणाचे चार प्रकार असतात. त्यातल्या पहिल्याला ‘कादाइ रिकाइ’ म्हणतात, म्हणजे काय काम करायचं ते ओळखणे. प्रश्न संवादाच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा ऐकवतात. पर्याय चित्रात किंवा शब्दांत छापलेले असतात आणि प्रश्नपत्रिकेवर टिपणं काढायला परवानगी असते. वरचा प्रश्न याच प्रकारातला.

आता त्याच्या कागदाकडे या. मी त्याची प्रश्नपत्रिका मागून घेतली. तिसऱ्या पर्यायाजवळ पेन्सिलने बरोबरची खूण होती, ठळक. चौथ्याजवळ काहीच नव्हतं. पहिल्याजवळ एक खूण केलेली होती आणि ती खोडली होती. या खुणाच त्याने कसं ऐकलं ते सांगत होत्या. प्रती काढण्याचा उल्लेख ऐकताच त्याने पहिल्यावर खूण केली. ‘मोऽ शिमाशिता’ म्हणजे ‘झाल्या’ हे लक्षात येताच ती खोडली. एसी हा शब्द ऐकताच तिसऱ्यावर खूण केली. मग त्याला वाटलं, सापडलं. पुढचं वाक्य त्याच्या कानात शिरलं, त्याचा अर्थही लागला, पण त्या अर्थाने आधीच्या खुणेला हात लावला नाही. उत्तर मिळाल्यावर त्याने ऐकणं बंद केलं नव्हतं, ठरवणं बंद केलं होतं.

या प्रकारच्या प्रश्नात बहुतेक वेळा चारही पर्यायांचा उल्लेख संवादात होतो. एखादा पर्याय सहसा उगाच छापलेला नसतो. म्हणून ‘कोणता शब्द ऐकू आला’ यावरून उत्तर मिळत नाही, कारण सगळेच ऐकू येतात. ऐकायचं असतं ते प्रत्येक कामाचं पुढे काय झालं. वरच्या संवादात प्रती ‘झाल्या’. टेबलं ‘तो करणार’. एसी ‘करायचाय, पण नंतर’. फोन ‘आत्ता’. एखादं काम यादीतून बाद करण्याच्या जपानी बोलण्यातल्या वाटा फार नाहीत. झालंय, दुसरं कोणी करणार आहे, गरज नाही, किंवा नंतर. एन४ च्या सरावात पुन्हा पुन्हा याच येतात. गरज नाही असं सांगताना ‘इइदेस’ किंवा ‘शिनाकुते मो इइदेस’ येतं, आणि ‘उद्या केलं तरी चालेल’ असं सांगताना ‘आशिता दे इइदेस’.

आणखी एक गोष्ट प्रश्नातच असते आणि ती निसटते: ‘माझु’. हा शब्द नसता आणि प्रश्न नुसता ‘ही बाई काय करेल’ असा असता, तर एसी आणि फोन दोन्ही बरोबर ठरले असते आणि प्रश्नच तयार झाला नसता. ‘माझु’ आहे म्हणजे यादीत एकापेक्षा जास्त खरी कामं उरणार आहेत आणि क्रम विचारला आहे. प्रश्नात ‘माझु’ नसेल तर बहुतेक वेळा तीन कामं पूर्ण बाद होतात आणि एकच उरतं. म्हणजे संवाद सुरू होण्यापूर्वीच प्रश्न सांगून टाकतो की काय धरायचं: क्रम, की उरलेलं एक. त्या मुलाला विचारलं, प्रश्न काय होता? म्हणाला, ‘ती काय करेल.’ ‘माझु’ गेला होता. त्याची खूण एसीवर टिकली कारण त्याच्या डोक्यातल्या प्रश्नाला एसी हे खरोखरच बरोबर उत्तर होतं.

याचं एक खोल मूळ आहे ते त्याच्या वह्यांत सापडलं. तो जपानी व्याकरण इंग्रजी नोट्समधून शिकला होता. पुण्या-मुंबईहून येणारी बहुतेक पुस्तकं तशीच आहेत. ‘माए नि’समोर इंग्रजीत ‘बिफोर’ आणि ‘ते कारा’समोर ‘आफ्टर’ लिहिलेलं. कागदावर त्यात काही चूक नाही. पण इंग्रजीत ‘दिवे बंद कर, घरी जाण्याआधी’ असं बोललं जातं. जपानी ‘काएरु माए नि, देन्कि ओ केशिते’ हे मात्र मराठीसारखंच येतं: ‘घरी जाण्याआधी दिवे बंद कर.’ क्रम तोच, क्रियापद शेवटी तेच. हा मुलगा वाक्य ऐकायचा, मनातल्या मनात इंग्रजीत उलटं करायचा आणि मग मराठीत समजून घ्यायचा. निवांत वेळ असेल तर यात काही बिघडत नाही. एकदाच वाजणाऱ्या टेपमध्ये मात्र हा फेरा मारेपर्यंत पुढचं वाक्य संपलेलं असतं. ‘त्सुकेते ओइते कुदासाइ’ तर सरळ ‘लावून ठेवा’ आहे, ‘ओकु’च्या जागी आपलं ‘ठेवणे’ जसंच्या तसं बसतं. मी त्याला वहीतल्या वीसेक रचनांसमोरचं इंग्रजी खोडून मराठी लिहायला लावलं. ‘ते कारा’ला ‘-ल्यावर मग’, ‘माए नि’ला ‘-ण्याआधी’, ‘माशोऽ का’ला ‘-ऊ का?’, ‘नाकुते मो इइ’ला ‘नाही केलं तरी चालेल’. जपानी ऐकताना मराठी माणसाने मराठीतूनच ऐकावं, या बाबतीत तरी मला दुसरं मत नाही.

‘माशोऽ का’कडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. जपानीत कर्ता बहुतेक वेळा बोलत नाहीत, त्यामुळे काम कोणाच्या गळ्यात पडलं हे क्रियापदाच्या शेपटावरून ओळखायचं असतं. ‘नाराबेमाशोऽ का’ म्हणजे ‘मी लावू का?’, करण्याची तयारी बोलणाऱ्याची. ‘नाराबेते कुदासाइ’ म्हणजे ‘तुम्ही लावा’. आणि त्यावर समोरचा ‘सोरे वा वाताशि गा यारिमास’ म्हणाला की काम हातातून गेलं. वरच्या संवादात टेबलांचं काम एका वाक्यात बाईकडे येतं आणि दुसऱ्याच वाक्यात तिच्याकडून जातं. परीक्षेत स्त्री की पुरुष कोणाबद्दल विचारलंय हेही त्याच वेळी लक्षात ठेवायचं असतं. ‘ओन्ना नो हितो’ ऐकलं आणि विसरलं, तर टेबलं हे उत्तर वाटायला लागतं.

एक प्रश्न मात्र मला पडला होता. हाच मुलगा कामावर असल्या सूचना रोज ऐकतो आणि चुकत नाही. सुपरवायझर म्हणतो, ‘ती बॅच लाव, पण आधी पहिला पीस क्वालिटीला दाखव. टूल बदलायचं राहू दे, ते सेकंड शिफ्टवाला बघेल.’ याचा साचा अगदी तोच आहे: एक काम, त्याआधी दुसरं, तिसरं दुसऱ्याकडे. आणि तो सरळ क्वालिटीकडे जातो. मी त्याला विचारलं, तिथे का चुकत नाहीस? त्याने जरा विचार करून सांगितलं, ‘तिथं मशीन समोर असतंय ना मॅडम. पीस हातात असतोय.’ हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. कामाच्या ठिकाणी प्रत्येक सूचनेनंतर त्याचा हात एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जातो, आणि त्यामुळे ‘आत्ता माझं काम काय’ याचं उत्तर प्रत्येक वाक्याला बदलत राहतं. परीक्षेच्या खोलीत हात हलवायला काही नाही. मग कागदावरच ते हलवायला हवं.

त्यावरून आम्ही सरावाची पद्धत बदलली. टेप सलग लावायची नाही. प्रत्येक वाक्यानंतर थांबवायची आणि एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी तिच्या हातात कोणतं काम आहे? वरच्या संवादात असं होतं. पहिल्या वाक्यानंतर: माहीत नाही, नुसती तयारी. ‘कोपीऽ शिमाशिता’नंतर: प्रती गेल्या. ‘नाराबेमाशोऽ का’नंतर: कदाचित टेबलं. ‘वाताशि गा यारिमास’नंतर: टेबलं गेली, हात रिकामा. ‘त्सुकेते ओइते कुदासाइ’नंतर: एसी. ‘सोनो माए नि’ एवढंच ऐकल्यावर: एसी मागे सरकला, पुढे काय ते अजून कळलेलं नाही. आणि शेवटी: फोन. ‘सोनो माए नि’ म्हटल्यावर टेप थांबवून ‘एसीचं काय झालं?’ असं विचारायचं. इथे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवं काम यायच्या आधीच जुनं हलवायची सवय तिथे लागते. पहिल्या दिवशी त्याला प्रत्येक थांब्यावर बराच वेळ लागला. हळूहळू थांबे कमी केले आणि शेवटी टेप सलग लावली.

कागदावरच्या खुणाही बदलल्या. बरोबरची खूण पूर्ण बंद. प्रत्येक पर्यायाजवळ त्या कामाचं काय झालं ते एक-दोन मराठी अक्षरांत लिहायचं: झालं असेल तर ‘झा’, दुसऱ्याकडे गेलं तर ‘तो’ किंवा ‘ती’, गरज नसेल तर ‘नको’, नंतर असेल तर ‘मग’. वरच्या प्रश्नात त्याच्या कागदावर आता असं दिसतं: पहिल्यापुढे ‘झा’, दुसऱ्यापुढे ‘तो’, तिसऱ्यापुढे ‘मग’, चौथ्यापुढे काहीच नाही. ज्याच्यापुढे काही नाही ते उत्तर. हे जपानीत लिहायचा प्रयत्न करू नये. हिरागाना लिपीत लिहायला लागला की पुढचे दोन शब्द हुकतात.

आठवडाभर हे बरं चाललं आणि मग त्याची उत्तरं वेगळ्याच प्रकारे चुकायला लागली. त्याने मनाशी एक नियम बसवला होता की शेवटी सांगितलेलं काम हेच उत्तर. मला हे अपेक्षित होतं, कारण सरावाला घेतलेल्या बहुतेक संवादांत ‘सोनो माए नि’ शेवटी येत होतं. म्हणून हा संवाद दिला. कारखान्यात एकजण नव्या कामगाराला सांगतो: ‘साकि नि किकाइ नो सुइच्चि ओ कित्ते कुदासाइ. सोऽजि वा सोरेकारा देस. सोऽजि नो दोऽगु वा किमुरा-सान गा मोत्ते किमास कारा.’ म्हणजे ‘आधी मशीनचा स्विच बंद कर. झाडलोट त्यानंतर. झाडलोटीचं सामान किमुरा-सान आणेल.’ पहिलं काम काय? स्विच बंद करणे. पहिलंच वाक्य, पहिलंच काम. शेवटी बोललं गेलेलं सामान तर दुसऱ्याच माणसाकडे आहे. त्याने उत्तर दिलं सामान आणणे. मग त्याच्याच अक्षरांनी कागद भरायला सांगितला: सामानापुढे ‘तो’, झाडलोटीपुढे ‘मग’, स्विचपुढे काही नाही. मशीन शॉपच्या मुलाला मशीन बंद न करता सफाई करायची नसते हे वेगळं सांगावं लागत नाही, पण परीक्षेत आपल्या अनुभवावर विसंबून उत्तर देऊ नये हेही मी त्याच वेळी सांगितलं. कधी कधी संवादात मुद्दाम वेगळाच क्रम असतो.

त्याच्या वहीत नंतर एक पान तयार झालं, त्यावर फक्त क्रम हलवणारे शब्द. ‘साकि नि’ (आधी), ‘सोनो माए नि’ (त्याआधी), ‘सोरेकारा’ (त्यानंतर), ‘आतो दे’ (नंतर), ‘देमो’ (पण), आणि बोलण्याच्या सुरुवातीला येणारा ‘आ’. हा ‘आ’ म्हणजे बोलणाऱ्याला काहीतरी आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ बदल येण्याची शक्यता दाट असते. वर दोनदा आलाय, दोन्ही वेळा काम हलवलंय. पुस्तकातल्या शब्दसूचीत हा कधी छापलेला मी पाहिला नाही, पण ऐकण्याच्या परीक्षेत तो ‘देमो’इतकाच कामाचा आहे.

आता प्रवासाच्या घोषणेकडे, कारण तिथे हा मुलगा वेगळ्या कारणाने अडखळत होता. घोषणेत काम हलत नाही. एकच माणूस बोलतो आणि बरीच माहिती देतो, त्यातली आपल्याला लागणारी एकच असते. सरावाला घेतलेली घोषणा अशी: ‘मामोनाकु, सान्बान-सेन नि क्यूऽकोऽ देन्शा गा माइरिमास. कोनो देन्शा वा साकुरा एकि नि वा तोमारिमासेन. साकुरा एकि ए इराश्शारु काता वा, त्सुगि नो फुत्सूऽ देन्शा ओ गोरियोऽ कुदासाइ.’ म्हणजे ‘थोड्याच वेळात तीन नंबरला एक्सप्रेस येत आहे. ही गाडी साकुरा स्थानकावर थांबणार नाही. साकुराला जाणाऱ्यांनी पुढची साधी गाडी घ्यावी.’ प्रश्न: साकुराला जाणारा माणूस काय करेल?

त्याने उत्तर दिलं: तीन नंबरवरून गाडी पकडेल. तीन नंबर स्पष्ट ऐकू आला होता, साकुरा स्पष्ट ऐकू आलं होतं, दोन्ही जोडले गेले. मध्ये ‘तोमारिमासेन’मधला ‘सेन’ एवढाच तुकडा उलट बोलत होता. जपानीत नकार क्रियापदाच्या शेवटी येतो आणि घोषणा देणारा तो पटकन, सपाट आवाजात म्हणतो. इथेही मराठी कान तयार आहे, कारण आपलं ‘थांबणार नाही’ही शेवटीच येतं. कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेला रुकडीचा माणूस गाडीचं नाव ऐकून चढत नाही. ‘रुकडीला थांबते का’ हे तो आधी विचारतो. तीच सवय तिथे नेली की अर्धं काम झालं. घोषणेत स्थानकाचं नाव ऐकलं की लगेच खूण करायची नाही. त्याच वाक्याचं क्रियापद येईपर्यंत थांबायचं, आणि ‘मास’ की ‘मासेन’ हे लिहून मगच पुढे जायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे घोषणेतल्या एका वाक्यात आपल्याला थेट हाक मारलेली असते. ‘...ए इराश्शारु काता वा’, आपल्या एसटी स्टँडवरचं ‘...कडे जाणाऱ्या प्रवाशांनी’ जसं. त्याआधीची वाक्यं सगळ्यांसाठी, हे वाक्य प्रश्नातल्या माणसासाठी. प्रश्नात साकुरा आहे हे आधी कळलेलं असतं, म्हणून ‘साकुरा एकि ए’ ऐकताच कान टवकारायचे. ‘इराश्शारु’, ‘गोरियोऽ कुदासाइ’, ‘माइरिमास’ ही आदरार्थी रूपं नेहमीच्या बोलण्यात कमी भेटतात म्हणून मुलं इथे गांगरतात. ही वेगळी पाठ करावी लागतात. पण ती फार नाहीत, आणि प्रत्येक घोषणेत तीच तीच येतात.

आकड्यांचं थोडक्यात सांगते, कारण एक तारीख किंवा वेळ हुकली की सगळं बरोबर ऐकूनही काही उपयोग नसतो. एकची वेळ ‘इचिजि’, सातची ‘शिचिजि’. पहिला ध्वनी निसटला की दोन्ही सारख्या. चार तारीख ‘योक्का’, आठ तारीख ‘योऽका’. मराठी कानाला ‘योक्का’ सोपा, कारण ‘पका’ आणि ‘पक्का’ यांतला फरक आपल्याला आपोआप कळतो. ‘योऽका’तला लांब ओ मात्र अवघड, कारण आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ ‘ओ’ अशी जोडी नाही. म्हणून लांब स्वर ऐकायची खटपट करण्यापेक्षा जोडाक्षर आहे का ते ऐकावं. जोडाक्षर ऐकू आलं तर चार, नाही आलं तर आठ.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ‘सोकुजि ओऽतोऽ’ म्हणजे एक वाक्य ऐकून लगेच तीनपैकी योग्य प्रत्युत्तर निवडण्याच्या प्रकारात ती चालत नाही, तिथे लिहायला वेळच नसतो. जिथे शब्दच माहीत नाहीत तिथेही अक्षरांच्या खुणा काही करू शकत नाहीत. ‘उकेत्सुके’ म्हणजे रिसेप्शन हे माहीत नसलेल्याला वरच्या संवादात चौथा पर्याय ओळखताच येणार नाही. त्यामुळे ही पद्धत ज्याचे शब्द तयार आहेत पण उत्तरं चुकतात अशा विद्यार्थ्यासाठी आहे. हे कसं ओळखायचं? टेप संपल्यावर संवाद मराठीत सांगायला लावा. सगळं सांगता आलं आणि तरी उत्तर चुकलं, तर अडचण ठरवण्यात आहे. सांगताना जागोजागी ‘इथं काहीतरी म्हणाला’ असं येत असेल, तर अडचण शब्दांत आहे आणि तिथे आधी शब्दांवर मेहनत घ्यावी.

सरावाला साहित्य शोधत बसायची गरज नाही. jlpt.jp या परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न आवाजासह आणि संवादाच्या मजकुरासह मोफत मिळतात. मजकूर आधी वाचायचा नाही. सलग एकदा ऐकायचं, खुणा करायच्या, उत्तर द्यायचं, आणि मगच मजकूर उघडून तपासायचं की प्रत्येक पर्याय नेमका कोणत्या वाक्याने बाद झाला. ते वाक्य पेन्सिलने अधोरेखित करायचं. आमचा हा मुलगा आता तेच करतो. सेकंड शिफ्ट असली की दुपारी निघण्याआधी दोन प्रश्न, फर्स्ट असली की रात्री वर्गानंतर. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्याच्या केंद्रावर परीक्षा आहे, आणि तोपर्यंत घोषणांमधली ‘मासेन’ पक्की करायची राहिली आहेत.